विहिरीत टीसीएल टाकूनही सकाळी क्लोरीन सापडत नाही: मात्रा नेमकी कुठे चुकते?

तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते. संध्याकाळी विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकली, मोजून टाकली, तरी सकाळी ओटी टेस्ट, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून क्लोरीनची तपासणी घेतली तर पाणी जसंच्या तसं, रंगाचा पत्ता नाही. मग दुसऱ्या दिवशी एक मूठ जास्त पडते, तिसऱ्या दिवशी दोन. एखाद्या सकाळी पाण्याला इतका उग्र वास येतो की माणसं ते पाणी सोडून भलतीकडचं, शुद्ध न केलेलं पाणी भरतात. मग घाबरून मात्रा कमी केली जाते आणि चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

मुठीने वाढवण्याआधी क्लोरीन किती वाजता हरवला ते शोधा. टीसीएल टाकल्यावर बरोबर एका तासाने विहिरीवरच पहिली तपासणी करा, दुसरी सकाळी उपसा सुरू होण्यापूर्वी. एका तासानेच काही सापडलं नाही, तर चूक मापात, पावडरीत किंवा मिसळण्यात आहे. एका तासाने चांगला रंग आला आणि सकाळी गेला, तर रात्रीत काहीतरी घडलं आहे. या दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि नुसती सकाळचीच तपासणी घेणाऱ्याला ते कधीच वेगळे दिसत नाहीत.

मी हाताळलेल्या एका विहिरीवरून पुढे सांगतो, कारण तिच्यात या सगळ्या चुका एकावर एक बसलेल्या होत्या. बांधीव गोल विहीर, आतला व्यास ४ मीटर. पंपघराच्या भिंतीवर खडूने लिहिलेलं: "६३ ग्रॅम रोज".

६३ हा आकडा आला कुठून

भर उन्हाळ्यात कोणीतरी नीट मोजमाप केलं होतं, तेव्हा पाणी २ मीटर खोल होतं. हिशेब बरोबरच होता:

```
लिटर = व्यास × व्यास × पाण्याची खोली × ७८५     (मापं मीटरमध्ये)
लिटर = व्यास × व्यास × पाण्याची खोली × २२.२    (मापं फुटांत)
टाकी (चौकोनी) = लांबी × रुंदी × पाण्याची उंची × १०००   (मीटरमध्ये)
```

४ × ४ × २ × ७८५ म्हणजे २५,१२० लिटर. चांगल्या पावडरीसाठी १००० लिटरला २.५ ग्रॅम हे जुनं प्रमाण लावलं की ६३ ग्रॅम येतात. पण मी गेलो तेव्हा पाऊस पडून गेला होता आणि सकाळी पाणी ३ मीटर होतं. म्हणजे ३७,६८० लिटर. विहीर दीडपट झाली, आकडा भिंतीवर तसाच राहिला. विहिरीसाठी ग्रॅमचा आकडा लिहून ठेवूच नये. लिहायचंच तर "पाण्याच्या दर मीटर खोलीला इतके लिटर" असं लिहावं. या विहिरीत ते १२,५६० लिटर. मग रोज फक्त दोरीने खोली मोजायची आणि गुणायचं.

मापात सगळ्यात जास्त गोंधळ व्यासाचा होतो, कारण तो दोनदा गुणला जातो. कठड्याच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत टेप धरला आणि भिंत अर्ध्या मीटरची असली, तर ४ चे ५ मीटर होतात आणि पाणी दीडपटीहून जास्त धरलं जातं. उलट कोणी वरच्या सूत्रात व्यासाऐवजी त्रिज्या घातली, तर पाणी पाव भागच येतं. ही चूक जास्त घातक, कारण मात्रा कमी पडूनही हिशेब केल्याचं समाधान असतं. खोली मोजताना दोरीला दगड बांधून तळाला टेकवा आणि फक्त ओला भाग मोजा. तळाशी मऊ गाळ असेल तर दगड त्यात रुततो. मग दोरीचा चिखलाने माखलेला शेवटचा तुकडा वजा करा.

टाकीत हे सोपं असतं. आतली लांबी-रुंदी घ्या, आणि उंची भिंतीची नव्हे तर ओव्हरफ्लोच्या नळीपर्यंतची घ्या. एवढंच.

माप सुधारलं, तरी रंग नाही

३ मीटरचा हिशेब धरून ९४ ग्रॅम टाकले. एका तासाने ओटीत काही नाही. आता इथे थांबून विचार करायला हवा, कारण बहुतेक लोक इथूनच मुठीवर जातात.

१००० लिटरला २.५ ग्रॅम हे प्रमाण काय देतं ते पाहा. ताज्या पावडरीत उपलब्ध क्लोरीन साधारण ३० ते ३३ टक्के असतो. ३० टक्के धरला तर २.५ ग्रॅम पावडरीतून दर लिटर पाण्याला ०.७५ मिलिग्रॅम क्लोरीन मिळतो. तासाभराने पाण्यात ०.५ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन शिल्लक राहावा ही आपली अपेक्षा. म्हणजे पाण्याने स्वतःसाठी फक्त ०.२५ मिलिग्रॅम खायची मुभा आहे. स्वच्छ, निवळ पाण्याला ती पुरते. पण पाण्यात पालापाचोळ्याचा अर्क, शेवाळ, लोह, माती असं काही असलं की क्लोरीन आधी त्यांच्यावर खर्च होतो. याला क्लोरीनची मागणी म्हणतात. ती आकारमानाच्या सूत्रातून कधीच कळत नाही. सूत्र पाणी किती आहे ते सांगतं, पाणी कसं आहे ते नाही.

दुसरा अनोळखी आकडा पावडरीचा. उघडी राहिलेली, दमट जागी ठेवलेली, उन्हात पडलेली टीसीएल आतल्या आत मरत जाते. गोणीवर ३३ टक्के छापलेलं असतं, आत १५ असू शकतात. गोळे झालेली, चिकट, वास मंदावलेली पावडर संशयास्पदच समजावी. मात्र वास येतो म्हणजे पावडर चांगली, हेही खरं नाही.

या दोन्ही अनोळखी गोष्टी एकाच वेळी उलगडणारी चाचणी बादल्यांची आहे. ब्रिटिश लष्करी डॉक्टर हॉरॉक्स यांनी पहिल्या महायुद्धात सैन्यासाठी तयार केलेली पेटी याच तत्त्वावर चालते: त्याच पाण्यात, त्याच पावडरीचे वाढते डोस द्यायचे आणि कुठल्या भांड्यात क्लोरीन उरतो ते पाहायचं. पेटी हाताशी नसली तरी अडत नाही.

तुमच्याच गोणीतली ५० ग्रॅम पावडर काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात घ्या. थोडं थोडं पाणी घालत गुठळ्या मोडून लापशीसारखी करा, मग पाणी घालून एक लिटर करा. ढवळा, दहा मिनिटं ठेवा. चुन्याचा साका खाली बसेल. वरची निवळी वापरायची. आता विहिरीचं पाणी चार बादल्यांत प्रत्येकी २० लिटर भरा आणि सुई नसलेल्या सिरिंजने पहिलीत १ मिलिलिटर, दुसरीत २, तिसरीत ३, चौथीत ४ घाला. ढवळून सावलीत झाकून ठेवा. बरोबर एका तासाने प्रत्येक बादली तपासा.

या प्रमाणाची गंमत अशी की आकडेमोड जवळपास उरतच नाही. निवळीच्या एका मिलिलिटरमागे ०.०५ ग्रॅम पावडर असते, आणि ती २० लिटरला पडली म्हणजे १००० लिटरला २.५ ग्रॅम. म्हणून:

```
बादलीतले मिलिलिटर × २.५ = १००० लिटरला ग्रॅम पावडर
```

पावडरीत किती टक्के क्लोरीन आहे हे माहीत असण्याची गरजच नाही. बादलीत पडलेली आणि विहिरीत पडणारी पावडर एकाच गोणीतली असली की झालं. बादल्या मात्र आधी क्लोरीनच्या पाण्याने विसळून घ्या, नाहीतर बादलीचा मळच क्लोरीन खातो आणि मागणी उगाच जास्त दिसते.

आमच्या विहिरीच्या पाण्यात पहिल्या दोन बादल्यांना रंग आला नाही, तिसरीत ०.२ च्या आसपास, चौथीत ०.७. म्हणजे जुन्या गोणीने १००० लिटरला १० ग्रॅमच्या आसपास लागत होते, नेमाच्या चौपट.

दोष पाण्याचा की पावडरीचा? ते ओळखायला पाचवी बादली लागते. तिच्यात विहिरीचं नव्हे, तर अगदी शुद्ध, क्लोरीन न खाणारं पाणी घ्यायचं आणि १ मिलिलिटर निवळी घालायची. बाटलीबंद किंवा ऊर्ध्वपातित पाणी चालेल. २० लिटर नसेल तर २ लिटर घ्या आणि निवळी दहा पट पातळ करून तिच्यातली १ मिलिलिटर घाला, प्रमाण तेच राहतं. दहा मिनिटांनी जो आकडा येईल त्याला ४० ने गुणा, पावडरीचे टक्के ढोबळमानाने मिळतात. आमच्याकडे ०.४५ आला, म्हणजे १८ टक्के. गोणी अर्धमेली होती. नवी बंद गोणी फोडली, तिचा आकडा ०.७५, म्हणजे ३० टक्के. नव्या पावडरीने बादल्या पुन्हा लावल्या तेव्हा दुसरीतच ०.४ आला, तिसरीत एकाच्या वर. मधला डोस २.२ मिलिलिटर घेऊन पाहिला, ०.५५ मिळाला. म्हणजे १००० लिटरला ५.५ ग्रॅम. त्यातून पाण्याची मागणीही कळली: दिलेला क्लोरीन १.६५ आणि उरलेला ०.५५, फरक १.१ मिलिग्रॅम.

मग जुनीच गोणी दुप्पट घालून संपवली तर? मी नको म्हणेन. ती रोज आणखी मरत असते, त्यामुळे आजचा आकडा पुढच्या आठवड्यात लागू पडत नाही, आणि चुना मात्र दुप्पट येतो. तिला गटार धुण्यासाठी ठेवा.

योग्य मात्रा, चुकीची ओत

३७,६८० लिटरला ५.५ ग्रॅमने २०७ ग्रॅम. पहिल्या रात्री हे द्रावण कठड्यावरून एकाच जागी ओतलं गेलं. तासाभराने वरचं पाणी पोहऱ्याने काढलं तर ओटीत गडद पिवळं, आणि तळाजवळून काढलं तर कोरं. पंपाचा फूटव्हॉल्व तळाजवळच असतो, म्हणजे लोकांच्या हंड्यात कोरंच पाणी गेलं असतं. तळाचा नमुना घ्यायला बाटलीला वजन बांधा, बुचाला वेगळी दोरी लावा, खाली गेल्यावर बूच ओढा.

दुसऱ्या रात्री नीट केलं. एका प्लास्टिकच्या बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त पावडर घ्यायची नाही. म्हणून २०७ ग्रॅमसाठी तीन बादल्या केल्या. आधी लापशी, मग पाऊण बादली पाणी, ढवळून दहा मिनिटं निवळू दिलं. निवळी दुसऱ्या बादलीत काढली. साका विहिरीत टाकायचा नाही. त्याने फक्त पाण्याचा जडपणा आणि तळाचा गाळ वाढतो. निवळीची बादली दोरीने पाण्याखाली खोल सोडली आणि वर-खाली, आजूबाजूला हिसके देत फिरवली. यावेळी वरचा आणि तळाचा रंग सारखा आला.

हातमोजे घाला, वारा तोंडावर येईल असं उभं राहू नका, आणि पावडर कालवायच्या बादलीत कधीही संडास साफ करायचं ॲसिड वापरलेलं नसावं. आम्लाशी गाठ पडली की क्लोरीन वायू सुटतो. ढवळण्यासाठी कोणी विहिरीत उतरायचं तर अजिबात नाही.

टाकीत मिसळण्याची अडचण सोपी आहे. टाकी पाव भरली की निवळी घाला आणि उरलेलं पाणी भरू द्या, येणारी धारच ढवळते. मात्रा मात्र पूर्ण भरलेल्या टाकीच्या लिटरवर काढायची, त्या क्षणी असलेल्या पाण्यावर नाही.

एका तासाने आहे, सकाळी नाही

हा सगळ्यात फसवा प्रकार, आणि याचं उत्तर बहुधा झऱ्यांत असतं. आमच्या विहिरीत दिवसभराच्या उपशानंतर संध्याकाळी पाणी २.४ मीटर उरायचं, म्हणजे ३०,१४४ लिटर. रात्रीत पाझर येऊन सकाळी पुन्हा ३ मीटर. संध्याकाळच्या पाण्यावर मात्रा काढली तर तासाभराने ०.५ च्या वर दिसणार, सगळे समाधानाने घरी जाणार. पण रात्रीत साडेसात हजार लिटर नवं, क्लोरीन नसलेलं पाणी आत येतं. ते नुसतं पातळ करत नाही, स्वतःची मागणीही घेऊन येतं. संध्याकाळी ०.५ उरला म्हणजे विहिरीत साधारण १५ ग्रॅम मोकळा क्लोरीन आहे. नव्या पाण्याची भूक ७,५३६ लिटर × १.१, म्हणजे ८ ग्रॅमहून थोडी जास्त. उरले जेमतेम ७ ग्रॅम, आणि पाणी ३७,६८० लिटर. सकाळी ०.२ च्या खालीच.

म्हणून मात्रा सकाळच्या पातळीवर काढायची आणि शेवटचा उपसा संपल्यावर रात्री द्यायची. २०७ ग्रॅममध्ये ६२ ग्रॅम क्लोरीन असतो. रात्री तासाभराने तो लिटरला ०.९ च्या आसपास दिसतो, वास थोडा जाणवतो, पण त्या वेळी कोणी पाणी भरत नसतं. सकाळी हिशेबाने ०.५५ उरायला हवा. आम्हाला ०.४ मिळाला, कारण भिंतीवरचं शेवाळ आणि तळाचा गाळ हळूहळू खातच राहतात. बादलीत गाळ नव्हता. त्या जुन्या ६३ ग्रॅमचा हिशेब आता उघड आहे: १८ टक्क्यांच्या पावडरीतून खरा क्लोरीन ११ ग्रॅम, आणि संध्याकाळच्या पाण्याचीच भूक ३३ ग्रॅमची. सकाळी रंग येणार कुठून?

दिवसभर उपसा आणि पाझर चालूच असेल तर विहिरीतला क्लोरीन दुपारपर्यंत टिकवण्याचा हट्ट मी धरत नाही. उपसलेलं पाणी टाकीत जात असेल तर खरी मात्रा टाकीत द्यावी. तिथे लिटर ठरलेले असतात, झरे नसतात, ऊन नसतं. तासभर थांबून मगच वितरण सुरू करायचं.

रंगच खोटं बोलत असेल तर

ओटीत रंग लगेच, पहिल्या काही सेकंदांत आला तर तो मोकळा क्लोरीन. पाच-दहा मिनिटांनी हळूहळू चढलेला पिवळा रंग बहुधा अमोनियाशी जुळलेल्या क्लोरीनचा असतो, आणि त्याची जंतू मारण्याची ताकद खूपच कमी. लोह, मँगनीज किंवा नायट्राइट असलेल्या पाण्यात क्लोरीन नसतानाही पिवळसर झाक येते. म्हणून टीसीएल टाकण्याआधीच्या पाण्याची एक ओटी घेऊन ठेवावी. मिळत असतील तर डीपीडीच्या गोळ्या वापरा. त्या गुलाबी रंग देतात आणि ओटीच्या द्रावणाचा आरोग्याला असलेला धोका टळतो. पण त्यांचाही एक सापळा आहे: क्लोरीन अतिशय जास्त झाला तर गुलाबी रंग क्षणभर चमकून उडून जातो आणि पाणी कोरं दिसतं. "रंग नाही" म्हणून कोणी आणखी पावडर टाकतं. पाण्याला झणझणीत वास असेल आणि रंग येत नसेल, तर नमुना शुद्ध पाण्याने दहा पट पातळ करून पुन्हा पाहा.

पाणी गढूळ असेल तर यातलं काहीच लागू नाही. मातीच्या कणांच्या आड बसलेले जंतू क्लोरीनला सापडत नाहीत, ओटी पिवळी आली तरीही. आधी पाणी निवळू द्या किंवा गाळा, मग बादल्या लावा.

बादल्यांची चाचणी आठवड्यातून एकदा, नवी गोणी फोडल्यावर आणि मोठ्या पावसानंतर करावी. तिच्यातून मिळणारा मागणीचा आकडा वहीत लिहीत जा. आमच्या विहिरीचा १.१ काही आठवडे हलला नाही. मग एका सकाळी चारही बादल्या कोऱ्या निघाल्या, आणि चौथीत उशिराने पिवळी झाक चढली. पावडर तीच होती, पाचवी बादली ०.७५ दाखवत होती. तेव्हा मात्रा न वाढवता विहिरीचं पाणी पिण्यासाठी बंद केलं आणि विहिरीभोवती पाहणी केली. कठड्यामागे सांडपाण्याचा चर फुटून थेट भिंतीशी मुरत होता. चर वळवला, विहीर उपसली, भिंतीची भेग बुजवली, आणि नवं पाणी भरल्यावर बादल्या पुन्हा पहिलीपासून लावल्या.